पथनाट्य, मनाई आदेश आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’: एका मूट प्रॉब्लेमची पार्श्वभूमी

नाशिकच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे सरावाच्या खटल्यासाठी आलेला मूट प्रॉब्लेम थोडक्यात असा. गोदाघाटावर एक हौशी गट वाढीव पाणीपट्टीवर पथनाट्य करतो. प्रयोगाच्या शेवटी ‘पट्टी भरू नका’ अशी घोषणा असते. एका प्रयोगाला प्रेक्षकांत बाचाबाची होते, पण गुन्हा दाखल होत नाही. चार दिवसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली आदेश निघतो. शहराच्या हद्दीत या विषयावरचे पथनाट्य, पत्रके आणि चित्रफिती दोन महिने बंद. कारण एका ओळीत: शांतता भंग होण्याची शक्यता. गट उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली जातो. सुरुवातीचा युक्तिवाद त्याच्या वकिलाने करायचा आहे.

भाषणावरच्या बंधनांचा इतिहास नाशिकला नवा नाही. 1909 मध्ये इथल्या एका कवितासंग्रहाच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टरचा खून झाला आणि पुढच्या वर्षी छापखान्यांकडून जामीन रक्कम घेण्याचा कायदा आला. हे मेमोरिअलच्या, म्हणजे लेखी युक्तिवादाच्या, प्रस्तावनेत छान दिसते, पण बेंचपुढे त्यावर मिनिटही घालवू नये. प्रश्न 1950 नंतरचा आहे.

26 मे 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एका प्रकरणात मुंबईहून निघणाऱ्या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास प्रांतात बंदी होती, दुसऱ्यात दिल्लीच्या साप्ताहिकावर छापण्यापूर्वीची तपासणी लादली होती. दोन्ही आदेश सुव्यवस्थेच्या नावाखाली निघाले होते आणि दोन्ही पडले. कारण भाषणावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात हे सांगणाऱ्या तेव्हाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये राज्याची सुरक्षितता होती, सुव्यवस्था नव्हती. सरकारने वर्षभरात घटनाच बदलली. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘अपराधास चिथावणी’ आणि परराष्ट्रांशी मैत्री ही कारणे आली. त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ हा शब्दही बसला, म्हणजे निर्बंध वाजवी आहे का हे तपासायची किल्ली न्यायालयाच्या हाती आली. नागरिकाच्या बाजूने उभा राहणारा ही गोष्ट सहसा विसरतो आणि दुरुस्तीवर नुसती टीका करत बसतो.

खरी गाठ पुढे आहे. दुरुस्तीत निर्बंध सुव्यवस्था ‘राखण्यासाठी’ असावा असे म्हटलेले नाही, सुव्यवस्थेच्या ‘हितासाठी’ असावा असे म्हटले आहे. 1957 मध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या गुन्ह्याचे कलम, जुने 295अ, पाच न्यायाधीशांपुढे आले. एका मासिकाच्या संपादकाला शिक्षा झाली होती. न्यायालय म्हणाले, ‘हितासाठी’ ही शब्दयोजना व्यापक आहे. प्रत्यक्ष गडबड झालीच पाहिजे असे नाही, गडबड घडवण्याकडे झुकणारे कृत्यही तिच्यात येते. सरकारी वकील आजही इथेच पाय रोवून उभे राहतात.

तीन वर्षांनी, 1960 मध्ये, पुन्हा पाच न्यायाधीश. उत्तर प्रदेशात एका समाजवादी नेत्याने शेतकऱ्यांना वाढीव पाणीपट्टी भरू नका असे सांगितले होते. 1932 चा एक प्रांतिक कायदा अशा सांगण्यालाच गुन्हा ठरवत होता. सरकारचे म्हणणे असे की आज एकाने कर थांबवला, तर उद्या त्याचे बंड होईल. न्यायालयाने ही साखळी मानली नाही. भाषण आणि गडबड यांच्यात जवळचा, प्रत्यक्ष संबंध हवा. दूरचा किंवा कल्पनेने जोडलेला चालणार नाही. कलम पडले. आपल्या प्रॉब्लेमशी याहून जवळचा निकाल सापडणार नाही. पाणीपट्टीचा विषयसुद्धा तोच आहे आणि प्रॉब्लेम बनवणाऱ्याने तो मुद्दाम ठेवला असावा.

आता बेंचवरून हमखास येणारा प्रश्न: दोन्ही निकाल पाच-पाच जणांचे, मग 1957 सोडून 1960 का धरायचा? ‘नंतरचा आहे म्हणून’ हे उत्तर चुकीचे आहे, समान संख्येचे पीठ आधीचा निकाल रद्द करू शकत नाही. बरोबर उत्तर असे की दोघांत विरोध नाही. 1957 चे कलम हेतुपुरस्सर, द्वेषबुद्धीने केलेल्या अपमानापुरते होते. तिथे गडबडीशी नाते कलमाच्या शब्दांतच बांधलेले होते. 1960 च्या पीठाने तो निकाल समोर ठेवूनच सांगितले की ‘हितासाठी’ म्हटले तरी संबंध जवळचा लागतोच. आपल्या आदेशात ना हेतूची अट आहे, ना द्वेषाची. फक्त विषय सांगितला आहे: पाणीपट्टी.

विद्यार्थी बहुधा याऐवजी 1989 च्या तमिळ चित्रपटाच्या निकालाने सुरुवात करतात, कारण त्यातली दारूच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा ऐकायला जोरकस आहे. पण ते तीन न्यायाधीशांचे पीठ होते. आधी 1960, मग आधारासाठी 1989, असाच क्रम हवा.

प्रतिवादीचा, म्हणजे सरकारचा, खरा हुकमी निकाल 1961 चा, नागपूरचा. गिरणी कामगारांच्या दोन संघटनांमधल्या तणावात तिथल्या दंडाधिकाऱ्यांनी जुन्या कलम 144 चा, ज्याची जागा आता 163 ने घेतली आहे, आदेश काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला आणि गडबड होण्याआधीही पाऊल उचलता येते असे सांगितले. 1970 मध्ये सात न्यायाधीशांनी कलम पुन्हा वैध ठरवले. त्यामुळे ‘163 घटनाबाह्य आहे’ असे म्हणून उभे राहणे म्हणजे पहिल्याच मिनिटाला हरणे. हल्ला कलमावर नको, आदेशावर हवा. (नाशिककरांना मनाई आदेश म्हटले की पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचे, पंधरा-पंधरा दिवसांचे, वृत्तपत्रातल्या कोपऱ्यातले आदेश आठवतात. ते कलम वेगळे, अटी वेगळ्या. इथे मिसळू नका.)

आदेशावरच्या हल्ल्याला अलीकडचा आधार भक्कम आहे. 2012 मध्ये पालघरला बंदवरच्या फेसबुक मजकुरावरून दोन मुलींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात 2015 साली आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ पडले. चर्चा करणे, बाजू मांडणे आणि चिथावणी देणे यांत निकालाने रेघ ओढली: पहिल्या दोन्हींना संरक्षण आहे, चिथावणीपासून निर्बंधाची हद्द सुरू होते. 10 जानेवारी 2020 च्या जम्मू-काश्मीर निकालाने 144 च्या आदेशांत ठोस तथ्ये लिहिली पाहिजेत, आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे आणि वैध मतप्रदर्शन दाबण्यासाठी कलम वापरता येणार नाही, असे बजावले. एका ओळीचे कारण इथेच अडखळते.

म्हणून सुरुवातीचा युक्तिवाद असा बांधता येतो. पथनाट्य हे अभिव्यक्ती आहे हे सिद्ध करत बसू नये, प्रतिवादी ते नाकारतच नाही. पहिल्या वाक्यात आदेश, त्याची मुदत आणि त्यातले एकमेव कारण. दुसऱ्यात एकच मुद्दा: बाचाबाचीपासून सुव्यवस्थेपर्यंतचा पूल आदेशात नाही. 1965 च्या एका स्थानबद्धतेच्या निकालाने कायदा-सुव्यवस्थेचे मोठे वर्तुळ, त्यात सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचे, अशी मांडणी केली. प्रेक्षकांतली बाचाबाची बाहेरच्या वर्तुळातच राहते. तिसऱ्यात पर्याय: वेळ किंवा जागा ठरवून देणे, बंदोबस्त ठेवणे. यातले काहीही न करता चित्रफितीसुद्धा बंद करणे हे प्रमाणाबाहेर आहे. घाटावरच्या गर्दीचा धोका मोबाइलवरच्या चित्रफितीला कसा लागू होतो, याचे उत्तर प्रतिवादीकडे नाही.

अवघड जागा एकच, ती स्वतःहून उघडावी. ‘पट्टी भरू नका’ ही घोषणा ‘अपराधास चिथावणी’ या वेगळ्या कारणाखाली येते असे प्रतिवादी म्हणू शकतो. त्याला दोन उत्तरे आहेत. आदेशात ते कारण लिहिलेलेच नाही आणि आदेशात नसलेली कारणे नंतर शपथपत्रातून जोडता येत नाहीत, हे 1977 च्या निकालापासून ठरलेले आहे. शिवाय थकबाकी वसूल करायला जप्ती आणि जोडणी तोडणे हे मार्ग आहेत. पट्टी थकवणे हा मुळात अपराध आहे हे आधी प्रतिवादीने दाखवावे. मागणीतही संयम हवा: आदेश रद्द व्हावा, आणि तो पूर्ण रद्द होणार नसेल तर निदान पत्रके व चित्रफितींपुरता तरी.