डाव बाद करताना: काटेकोर वरचढ आणि सैल वरचढ

दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, अ आणि ब. दोघींना एकाच वेळी, एकमेकींना न विचारता भाव ठरवायचा आहे: चढा, मध्यम किंवा पडेल. हेच प्रत्येकीचे तीन डाव. प्रत्येक चौकटीत पहिला आकडा अ चा नफा, दुसरा ब चा.

| अ ↓ ब → | चढा | मध्यम | पडेल |
|---|---|---|---|
| चढा | १०, १० | ४, १२ | ३, ५ |
| मध्यम | १२, ४ | ७, ७ | २, ६ |
| पडेल | ५, ३ | ६, २ | १, १ |

अ चे डाव तपासताना दोन ओळी घेऊन फक्त पहिले आकडे स्तंभागणिक ताडायचे; ब साठी दोन स्तंभ घेऊन दुसरे आकडे ओळीगणिक. नवशिक्यांची उत्तरे अनेकदा इथेच चुकतात, कारण नजर सवयीने शेजारच्या कंपनीच्या आकड्यावर जाते.

अ ची ‘पडेल’ ओळ ५, ६, १ आहे, ‘मध्यम’ ओळ १२, ७, २. तिन्ही ठिकाणी मध्यम सरस, कुठेही बरोबरी नाही. हा काटेकोर वरचढपणा (स्ट्रिक्ट डॉमिनन्स), म्हणून ‘पडेल’ बाद. ब च्या बाजूनेही अगदी हेच घडते. ‘चढा’ मात्र अजून काढता येत नाही: ब ने भाव पाडला तर चढ्या भावाला ३ मिळतात, मध्यमला २च. पण ब ‘पडेल’ खेळणार नाही हे कळल्यावर तो स्तंभ उरतच नाही. मग चढा १०, ४ आणि मध्यम १२, ७. आता चढाही गेला. ब चेही तसेच. उरते ती एकच चौकट, ७, ७. दोघींनी चढा भाव धरला असता तर १०, १० मिळाले असते, पण बाद करण्याची रीत दोघींचे भले शोधत नाही.

आता फक्त एक चौकट बदलू: अ पडेल, ब मध्यम. तिथे ६, २ ऐवजी ७, ३ लिहा.

अ ची पडेल ओळ झाली ५, ७, १. मध्यमच्या १२, ७, २ पुढे ती दोनदा हरते आणि एकदा बरोबरी करते. हा सैल वरचढपणा (वीक डॉमिनन्स). ब कडेही असेच झाले: तिच्या ‘चढा’ स्तंभात १०, ४, ३ आणि ‘मध्यम’मध्ये १२, ७, ३, म्हणजे शेवटी बरोबरी. ब चा ‘पडेल’ (५, ६, १) मात्र अजूनही काटेकोर हरतो.

आधी अ ची ‘पडेल’ ओळ काढली, तर उरलेल्या दोन ओळींत ब चा मध्यम इतर दोघांवर काटेकोर वरचढ ठरतो, आणि मग अ चा मध्यम चढ्यावर. उत्तर पुन्हा ७, ७.

सुरुवात ब कडून करून पाहा. तिचा ‘पडेल’ काढला, मग ‘चढा’. आता ब कडे फक्त मध्यम आहे. त्यासमोर अ ला चढ्यात ४, मध्यममध्ये ७, पडेलमध्येही ७. चढा जातो, पण पडेल आणि मध्यम यांच्यात फरकच उरला नाही, म्हणून दोन्ही राहतात. शेवटी दोन चौकटी शिल्लक: ७, ७ आणि ७, ३. ब च्या नफ्याचा अंदाज फक्त बाद करण्याच्या क्रमामुळे ७ की ३ असा डळमळीत झाला!

दुसरी चौकट भुताटकी नव्हे. ती तपासून पाहा: ब मध्यम असताना अ ला पडेल सोडून जास्त मिळत नाही, आणि अ पडेल असताना ब ला चढा ३, मध्यम ३, पडेल १. कोणालाच हलावेसे वाटणार नाही, म्हणजे तो नॅश समतोल आहे. पहिल्या क्रमाने आपण तो नकळत फेकून दिला होता.

काटेकोर बाबतीत असे होत नाही. मर्यादित डावांच्या खेळात क्रम कोणताही ठेवा, उरणारा संच तोच, आणि नॅश समतोल कधीच गळत नाही. कारण काटेकोर हरलेला डाव प्रतिस्पर्ध्याबद्दल काहीही अंदाज धरला तरी सर्वोत्तम ठरत नाही. सैल हरलेला डाव ठरू शकतो: ब नक्की मध्यम खेळेल असे अ ला वाटत असेल, तर पडेल भाव मध्यमइतकाच चांगला. तो नाकारायचा तर ब च्या प्रत्येक डावाला थोडी तरी शक्यता द्यावी लागते. आणि पुढच्याच पायरीवर आपण ब चे काही डाव शून्य शक्यतेचे मानून खोडतो. खरी गोम या दोन गृहीतकांच्या भांडणात आहे.

म्हणून बरोबरी दिसली की थांबा. आधी सगळे काटेकोर हरलेले डाव काढून घ्या. त्यानंतर सैल हरलेले काढायचेच असतील तर कोणता आधी काढला हे उत्तराबरोबर लिहा, आणि मूळ ३×३ तक्त्यात समतोल वेगळे शोधून काही गळले का ते पाहा.