तीन पोळ्या, चौघे जण: वर्गासाठी छोटा व्हिडिओ

नागपुरातला सहावीचा वर्ग. टेबलावर तीन पोळ्या आणि चार ताटल्या. चौथी पोळी बाजूला ठेवलेली, तिला शेवटपर्यंत कोणी कापायचं नाही. कॅमेरा बरोबर वरून धरा, तिरपा धरला तर समान तुकडेही लहान-मोठे दिसतात. सगळ्या पोळ्या एकाच डब्याच्या झाकणाने गोल कापून घ्या आणि पूर्ण निवू द्या. गरम पोळीची घडी सरकते. आपल्याकडची मडक्यावरची लांब रोटी चवीला कितीही छान असली तरी इथे नको, तिचा नेमका गोल होत नाही.

मॅडम: या तीन पोळ्या तुम्हा चौघांत सारख्या वाटायच्या. कशा कापाल?

एक मुलगा सारख्या रुंदीच्या चार उभ्या पट्ट्या कापतो. हे दृश्य गाळू नका.

मुलगी: मॅडम, काठाची पट्टी तर लहान आली!

खरंच लहान आली. रुंदी सारखी असली तरी गोलामुळे काठाची पट्टी पोळीचा जेमतेम पाचवा हिस्सा भरते, मधली मात्र तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जाते. चार तुकडे झाले म्हणून प्रत्येक तुकडा पाव होत नाही, चारही सारखे हवेत. त्या पट्ट्या बाजूला सारून नवी पोळी घ्या, शेवटच्या वाटणीला आणखी तीन लागतील, म्हणजे एकूण आठ पोळ्या आणायच्या. आता तिन्ही पोळ्यांची प्रत्येकी दोनदा घडी घालून घडीवरूनच कात्रीने कापा. बारा तुकडे, प्रत्येकाच्या ताटलीत तीन.

मॅडम: तुला किती मिळाली?

मुलगा: बारातले तीन. ३/१२.

मुलगी: नाही, पाऊण पोळी. ३/४.

इथे घाईने ‘चूक’ म्हणू नका. मॅडमनी एवढंच विचारावं, “कशाचे ३/१२?” मुलाने तिन्ही पोळ्या मिळून एक पूर्ण धरला, त्या ढिगाचे ३/१२, म्हणजेच १/४, त्याला मिळाले. मुलीने एका पोळीला पूर्ण धरलं. दोघांचा हिशेब बरोबर आहे, फक्त ‘पूर्ण’ कशाला धरलं ते वेगळं आहे. ‘३/१२ पोळी’ म्हटलं तर मात्र चुकलं, कारण ती पाव पोळी झाली. आता मुलीचे तीन तुकडे बाजूला ठेवलेल्या अख्ख्या पोळीवर मांडा. पावभर जागा उघडी राहते, पाऊण पोळी झाकली जाते.

मॅडम: कमी कापून वाटता येईल?

नव्या तीन पोळ्या घ्या. दोन अर्ध्या-अर्ध्या करायच्या, तिसरीचे चार पाव. प्रत्येकाला अर्धी आणि पाव. फळ्यावर १/२ + १/४ लिहिलं की कोणीतरी वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/६ म्हणतंच. २/६ म्हणजे पोळीचा तिसरा हिस्सा, अर्ध्याहूनही कमी. आणि ताटलीत तर अर्धीवर पाव पोळी दिसते आहे. अर्धी घडीवरून कापा, दोन पाव झाल्या. आता ताटलीतले तुकडे मुलांनीच मोजावेत: पाव, पाव, पाव.