आंतरराष्ट्रीय वाररेषा

आंतरराष्ट्रीय वाररेषा : पॅसिफिक महासागरातून साधारणपणे १८०° रेखावृत्ताला धरून उत्तर-दक्षिण गेलेली कल्पित रेषा. ती ओलांडली की वार आणि तारीख एका दिवसाने बदलतात. पश्चिमेकडे, म्हणजे अमेरिकेकडून आशियाकडे जाताना एक दिवस पुढचा धरतात आणि पूर्वेकडे जाताना एक दिवस मागचा. ‘आंतरराष्ट्रीय दिनांक रेषा’ असेही तिला म्हणतात. येथे ‘वाररेषा’ हा शब्द पसंत केला आहे, कारण ही विसंगती माणसांच्या प्रथम लक्षात आली ती वारावरूनच.

कारण : पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणून प्रत्येक अंशामागे स्थानिक वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो. ग्रिनिचला मंगळवारचे दुपारचे १२ वाजले आहेत असे समजू. तेथून मनाने पूर्वेकडे निघाल्यास वेळ वाढत जाते आणि १८०° पूर्वेला मंगळवार संपून बुधवार सुरू होत असतो. पश्चिमेकडे निघाल्यास वेळ कमी होत जाते आणि १८०° पश्चिमेला सोमवार संपून मंगळवार नुकता लागत असतो. पण १८०° पूर्व आणि १८०° पश्चिम हे एकच रेखावृत्त. तेथे मध्यरात्र आहे याबद्दल दोन्ही हिशेबांत एकमत आहे, वाराबद्दल मात्र एका पूर्ण दिवसाचा फरक आहे. हा फरक कोणत्याही युक्तीने नाहीसा होत नाही. तो कोठे मोडायचा एवढेच माणसाच्या हाती आहे. ग्रिनिचच्या नेमक्या विरुद्ध बाजूस बहुतेक समुद्रच असल्याने तो तेथे मोडणे सोयीचे ठरले.

हरवलेला दिवस : पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्याच्या हिशेबात एक दिवस कमी किंवा जास्त भरेल, हे चौदाव्या शतकात अबुल फिदा या अरब भूगोलकाराने तर्काने मांडले होते. त्याचा प्रत्यक्ष अनुभव मॅगेलनच्या मोहिमेतील ‘व्हिक्टोरिया’ या जहाजाला आला. मोहीम २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाली. परतीच्या वाटेवर जुलै १५२२ मध्ये जहाज केप व्हर्द बेटांपाशी थांबले. अन्न आणायला किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांना तेथील पोर्तुगीजांनी आज गुरुवार असल्याचे सांगितले. जहाजावर बुधवार होता. मोहिमेचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता चकित झाला, कारण त्याने रोज न चुकता नोंद ठेवली होती.

त्याची नोंद चुकलेली नव्हतीच. ६ सप्टेंबर १५२२ रोजी जहाज परतले, म्हणजे प्रवास सुमारे १,०८२ दिवसांचा झाला. या काळात पश्चिमेकडे ३६०° अंतर कापले गेले, म्हणजे सूर्याच्या वाटेनेच जात राहिल्याने एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा जहाजावरचा दिवस सरासरी ८० सेकंदांनी लांब होता. वाळूच्या घड्याळावर आणि सूर्याच्या मध्यान्हावर चालणाऱ्या जहाजात ८० सेकंद कोणाला कळणार? मात्र असे हजारावर दिवस साठल्यावर त्यांचे बरोबर २४ तास झाले. खलाशांनी किनाऱ्यावरच्या लोकांइतकाच काळ जगला होता, पण सूर्योदय एकने कमी पाहिले होते.

परतल्याची तारीख ६ की ७ सप्टेंबर, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. ६ सप्टेंबर ही जहाजाच्या हिशेबातली तारीख मानल्यास किनाऱ्यावर त्या दिवशी ७ तारीख असली पाहिजे. शनिवार हा नोंदलेला वार येथे उपयोगी पडत नाही, कारण जहाजाचा वार आणि तारीख दोन्ही एकदमच मागे पडले होते आणि परस्परांशी जुळतच होते. ग्रंथांत ६ सप्टेंबर रूढ आहे. केप व्हर्दला चूक कळल्यानंतर जहाजाने हिशेब दुरुस्त केला नसावा असे मानल्यास ती जहाजाचीच तारीख ठरते, आणि हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

रेषा कोणी आखली : १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ही रेषा ठरवली, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्या परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून मान्य केले, वाररेषा आखली नाही. ती कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेली नाही. प्रत्येक देश आपली प्रमाणवेळ स्वतः ठरवतो आणि त्या निर्णयांच्या कडा जोडून नकाशाकार रेषा काढतात. म्हणूनच ती ठिकठिकाणी वाकते.

त्यापूर्वी वार ठरे तो वसाहतकार कोणत्या दिशेने आले यावर. फिलिपीन्समध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोकडून आले, त्यामुळे आशियात असूनही तेथे सुमारे तीन शतके अमेरिकेचा वार चालला. शेवटी १८४४ चा ३१ डिसेंबर गाळण्यात आला आणि सोमवार, ३० डिसेंबरनंतर थेट बुधवार, १ जानेवारी १८४५ उजाडला.

सामोआने हा बदल दोनदा आणि दोन्ही दिशांनी केला. अमेरिकेशी व्यापार महत्त्वाचा होता तेव्हा, १८९२ मध्ये, तेथे ४ जुलै दोन दिवस पाळला गेला. पुढे व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुट्टी असे आणि तिकडे सोमवारी कामे सुरू होत तेव्हा सामोआत रविवार. आठवड्यातले कामाचे चारच दिवस जुळत. म्हणून २०११ मध्ये गुरुवार, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर शनिवार, ३१ डिसेंबर लागला. ३० डिसेंबर २०११ ही तारीख सामोआत झालीच नाही.

किरिबातीनेही १९९५ च्या आरंभी आपली पूर्वेकडची बेटे रेषेच्या पश्चिम बाजूस घेतली. तोवर एकाच देशात दोन वार चालत. आता तेथील लाइन बेटांची वेळ ग्रिनिचच्या १४ तास पुढे आहे. परिणामी ग्रिनिचला मंगळवारी सकाळचे साडेदहा वाजले असता लाइन बेटांवर बुधवार लागलेला असतो आणि अमेरिकन सामोआत सोमवारच्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पृथ्वीवर एका क्षणी दोनच तारखा असतात, हे विधान म्हणून पूर्ण खरे नाही.

प्रवाशांचा अनुभव : रेषा ओलांडताना बाहेर काही दिसत नाही, फरक कळतो तो उतरल्यावर. टोकियोहून सोमवारी रात्री ९ वाजता निघून सात तासांनी होनोलुलूला पोहोचणारा प्रवासी सोमवारीच सकाळी ९ वाजता उतरतो, म्हणजे निघण्याच्या १२ तास आधी. दोन्ही ठिकाणांच्या वेळांत १९ तासांचे अंतर असल्याने असे होते. परतताना सोमवारी दुपारी १२ ला निघाल्यास नऊ तासांच्या उड्डाणानंतर टोकियोत मंगळवारचे दुपारचे ४ वाजलेले असतात. विमानाच्या वेळापत्रकात पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेले +1 किंवा -1 हेच सांगते. ते नजरेतून सुटले की मुक्कामाची खोली एक दिवस उशिराची किंवा आधीची ठरवली जाते.

जहाजावर हा बदल बहुधा रात्री करतात. पश्चिमेकडे जाताना रोजनिशीतली एक तारीख गाळतात, पूर्वेकडे जाताना तीच तारीख दुसऱ्यांदा लिहितात.

सर्वांत स्वच्छ उदाहरण दोन सामोआंमधले आहे. सामोआतील आपिया आणि अमेरिकन सामोआतील पागो पागो यांच्यात विमानाने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर आहे, आणि वेळेतला फरक बरोबर २४ तासांचा. त्यामुळे घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत. आपियाहून मंगळवारी सकाळी १० ला निघालेला प्रवासी पावणेअकराच्या सुमारास उतरतो, तेव्हा त्याचे घड्याळ बरोबर असते. फक्त तेथे अजून सोमवार असतो.