डाय सोडून पांढरे केस वाढवताना खरी अडचण त्या रेषेची असते

डाय बंद करायचं ठरवलं की सगळ्यात आधी प्रश्न येतो, किती महिने लागणार? आणि उत्तरं इतकी वेगवेगळी मिळतात की माणूस गोंधळतो, कुणी म्हणतं सहा महिने, कुणी दोन वर्षं, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. याचं गणित शाळेतलंच आहे, पण ते कुणी नीट सांगत नाही म्हणून आधी तेच बघू.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 ते 1.5 सेंटीमीटर वाढतो, आपण 1.25 धरू. आता समजा एखादीचे केस खांद्याच्या खाली, 30 सेंटीमीटर आहेत, मुळापासून टोकापर्यंत गडद काळा डाय, आणि आज तिने डाय थांबवला. बऱ्याच जणींना वाटतं की केस वाढतील तसा डायचा भाग कमी होत जाईल. तो होत नाही. केस फक्त मुळाशी वाढतो, त्यामुळे कात्री लावलीच नाही तर वर्षभराने केस 45 सेंटीमीटर होतील, वर 15 पांढरे आणि खाली तेच 30 काळे, एक सेंटीमीटरही कमी नाही. डाय केलेला भाग कापूनच जातो.

मग तिने दर महिन्याला वाढ होते तेवढंच, म्हणजे 1.25 सेंटीमीटर ट्रिम केलं तर लांबी 30 वरच राहते आणि 24 महिन्यांनी डाय संपतो. दुप्पट कापलं, 2.5 सेंटीमीटर, तर 12 महिन्यांत संपतो पण तेव्हा केस 15 सेंटीमीटरचे उरतात. आणि पहिल्याच दिवशी धाडस करून 15 सेंटीमीटरचा बॉब केला, नंतर फक्त वाढ ट्रिम करत राहिली तर? तरी 12 महिनेच! म्हणजे आधी एकदम कापा नाहीतर हळूहळू कापा, तारीख तीच येते. शेवटी जेवढी लांबी हवी तिला 1.25 ने भागा, तेवढे महिने. 6 सेंटीमीटरचा पिक्सी चालणार असेल तर पाच महिन्यांच्या आत सुटका, कमरेपर्यंत केस हवे असतील तर बरीच वर्षं धरून चला. आपला स्वतःचा वेग काढायचा असेल तर शेवटच्या डायची तारीख लिहून ठेवा आणि दोनतीन महिन्यांनी भांगात पट्टी लावून मोजा, वेग माणसागणिक बदलतो त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या महिन्यांवर जाऊ नका.

म्हणजे वेळ ठरलेला, त्यात फार हात घालता येत नाही. हात घालता येतो तो मधल्या काळात ते कसं दिसतं यात.

आता हे दिसतं वाईट कशामुळे? पांढऱ्या केसांमुळे नाही. पांढरा केस म्हणजे ज्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य जवळजवळ नाही असा केस, त्यात पांढरा रंग वगैरे काही भरलेला नसतो, प्रकाश आत शिरून विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. आणि ज्याला आपण ग्रे म्हणतो तो बहुतेक वेळा काळे आणि पांढरे केस शेजारी शेजारी असल्याचा एकत्रित परिणाम असतो. हे मिश्रण डोळ्याला मऊ वाटतं कारण त्यात कुठे कडा नाही. डायची कडा, म्हणजे पांढरं मूळ आणि डाय यांच्यातली रेषा, मात्र सरळ असते, कारण दर वेळी सगळं डोकं एकाच दिवशी, एकाच अंतरापर्यंत रंगवलेलं असतं. आपला डोळा कडांच्या बाबतीत फार तीक्ष्ण आहे, उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथला फरक तो आहे त्याहून जास्त करून दाखवतो, अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1860 च्या दशकातच हे मांडलं होतं. म्हणून 3 सेंटीमीटरचं पांढरं मूळ आणि खाली काळाभोर डाय हे लांबूनही ओळखू येतं, आणि भांग मधोमध सरळ पाडला असेल तर अजूनच. नुसता भांग थोडा नागमोडी पाडला तरी फरक पडतो, फुकटचा उपाय आहे.

पार्लरमध्ये जे करतात ते सगळं या रेषेला मोडण्यासाठीच असतं, त्याचे मार्ग दोन. तुमचे 70-80 टक्के केस पांढरे असतील तर खालच्या काळ्या भागात उजळ बटा आणायच्या. आणि 30-40 टक्केच पांढरे असतील तर उलटं, वरच्या पांढऱ्या भागात थोड्या गडद बटा सोडायच्या, त्याला लोलाइट म्हणतात, आणि ते डेमी-पर्मनंट कलरने करतात जो धुता धुता फिका होत जातो. दुसरा मार्ग केसांना पुष्कळ कमी त्रासाचा आहे, पण बहुतेकांना पहिलाच सुचवला जातो, कारण तो फोटोत जास्त उठून दिसतो असं माझं मत.

पहिल्या मार्गात ब्लीच लागतं आणि का लागतं ते समजून घ्या. पर्मनंट डायमध्ये छोटे रेणू केसाच्या आत जातात, पेरॉक्साइडमुळे आतच एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून शाम्पूने तो पूर्ण निघत नाही, आणि वरून फिका कलर लावूनही गडद डाय उजळत नाही, तो काढायला बहुतेक वेळा ब्लीच लागतं. ब्लीच डायबरोबर आतलं मेलॅनिनही तोडतं आणि मध्ये नारिंगी, मग पिवळा असे टप्पे येतात. वर्षानुवर्षं डायचे थर चढलेली टोकं नारिंगीवरच अडतात आणि टाळूजवळचा भाग अंगाच्या उष्णतेने पटकन उजळतो, त्यामुळे केसात पट्टे पडतात. जो जाणता असतो तो डोक्यावर हात घालण्याआधी मानेजवळची एक बारीक बट घेऊन त्यावर ब्लीच लावून बघतो. ती बट ओली असताना हलकेच ओढली आणि रबरासारखी ताणून परत आलीच नाही, किंवा तुटली, तर तिथेच थांबायचं, त्या केसांना कात्रीच योग्य. मेंदी लावत असाल तर ते आधी सांगा, काही पावडरींमध्ये धातूचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यावर ब्लीच पडलं की केस गरम होऊन जळतात.

काम कसं होतं ते बघण्यासारखं असतं. टोकदार शेपटीच्या कंगव्याने पातळ थर उचलायचा, त्यातून एक सोडून एक अशा अगदी बारीक बटा विणल्यासारख्या वेगळ्या काढायच्या, त्यांच्याखाली फॉइल सरकवायची आणि ब्लीच लावायचं ते पांढऱ्या मुळावर नाही, रेषेपासून सुरू करून खाली. प्रत्येक बटेवर सुरुवात थोडी वरखाली ठेवायची, हीच यातली खरी मेख. सगळ्या बटा एकाच उंचीवर सुरू केल्या तर जुनी रेषा जाऊन नवी रेषा तयार, पैसे वाया. फॉइल काढल्यावर बट फिकट पिवळी दिसते आणि मग येतो ग्लॉस.

ग्लॉसबद्दल गैरसमज भरपूर आहेत. ग्लॉस म्हणजे साधारणपणे आम्लधर्मी डेमी-पर्मनंट कलर, कमी ताकदीच्या डेव्हलपरबरोबर, बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्या आसपास पेरॉक्साइडचा. तो उजळवत नाही, फक्त पातळ थर चढवतो आणि वरचे खवले सपाट बसवतो म्हणून चमक येते. म्हणजे काळा डाय ग्लॉसने ग्रे होणार नाही, कुणी तसं सांगत असेल तर विषय बदला. त्याचं काम पिवळेपणा दाबणं, त्यासाठी जांभळी छटा, आणि नारिंगी असेल तर निळी. चार ते सहा आठवड्यांत तो उतरतो. लावल्यावर टायमर लावून जवळ उभं राहायला हवं, कारण पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसल्याने जे चढेल ते सगळं दिसतं, पाच मिनिटं जास्त गेली की मुळं लव्हेंडर. आणि ब्लीच झालेली टोकं सच्छिद्र असतात, ती कलर अधाशासारखी पितात, म्हणून टोकांना शेवटी आणि थोडाच वेळ लावतात.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. डायची ॲलर्जी आली म्हणून पांढरे केस ठेवायला निघालेल्या अनेक जणी ग्लॉस सौम्य समजून बिनधास्त लावतात. अनेक डेमी-पर्मनंट कलरमध्ये पीपीडी हे डायमधलं ॲलर्जी आणणारं रसायन किंवा त्याचाच जवळचा भाऊबंद असतो, रिॲक्शन तशीच येऊ शकते. आधी कधी डायने खाज, सूज, फोड आले असतील तर डब्यावरची यादी वाचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लॉसही नको, इतरांनीही 48 तास आधी पॅच टेस्ट करावी.

आता कटबद्दल, कारण तो फक्त लांबीपुरता नसतो. बऱ्याच लोकांचे केस कानशिलांजवळ आणि पुढे आधी पिकतात, मानेजवळचे सगळ्यात शेवटी. म्हणजे वरच्या आणि पुढच्या थरांना लवकर साफ करायचंय, मागच्यांची घाई नाही, कारण तिथे वाढणारा केसही गडदच असतो आणि डायशी फरक फारसा कळत नाही. आपल्या 30 सेंटीमीटरवालीने वरचे लेयर 10 सेंटीमीटरपर्यंत घेतले तर डोक्याचा जो भाग लोकांना आधी दिसतो तो आठ महिन्यांत मोकळा होतो, मानेजवळ मात्र अजून डाय लोंबत असतो आणि कुणाला पत्ता नसतो. एकसारखी, सरळ कापलेली लांबी ही या काळात सगळ्यात गैरसोयीची, रेषा अजून ठळक करते. पण केस पातळ असतील तर लेयर जपून, टोकं विरळ दिसायला लागतात, तिथे मग हनुवटीपर्यंतचा बॉब आणि थोडे लोलाइट हे बरं.

डाय पूर्ण गेल्यावर पिवळेपणा मात्र परत परत येतो, ऊन, गरम इस्त्री, धूर आणि जड पाण्यातले क्षार ही नेहमीची कारणं. पाण्यामुळे असेल तर जांभळा शाम्पू नुसता वरून झाकतो, आधी क्षार काढणारा कीलेटिंग शाम्पू लावा आणि जांभळा आठवड्यातून एकदा पुरे, रोज लावला तर केस मळकट जांभळट दिसतात. इस्त्रीमुळे आलेला पिवळा बहुतेक वेळा केसातच बसलेला असतो, तो धुऊन जात नाही, ट्रिममध्येच जातो.