संध्याकाळ ते रात्र, एकाच टाइमलॅप्समध्ये: १८ स्टॉपचा प्रवास

दिवाळीच्या आसपास सोशल मीडियावर गडांवरच्या टाइमलॅप्सचा, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओंचा, पूर येतो, सूर्य मावळला, आकाश लाल झालं, मग निळं, मग तारे, सगळं पंधरा-वीस सेकंदात. पण बघताना एक गोष्ट सतत खटकते. आकाश लुकलुकतं. ट्यूबलाइट खराब झाल्यावर फडफडते ना तसं. आणि खाली कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहितो, "कॅमेरा महागडा घ्या". महागड्या कॅमेऱ्यानेही आकाश लुकलुकणारच, कारण हा प्रश्न प्रकाश कमी होण्याचा वेग आणि कॅमेऱ्याची सेटिंग बदलायची पद्धत या दोन गोष्टींचा आहे. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर प्रकरण हेच वाटतं, म्हणून आज त्याच्यावरच लिहितोय.

समजा आपण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमावास्येच्या संध्याकाळी बसलोय. तोंड पश्चिमेला, २४ मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि पूर्ण काळोख व्हायला पुढे साधारण सव्वा तास लागतो. मग नैर्ऋत्येच्या क्षितिजातून वर चढलेला आकाशगंगेचा पट्टा दिसायला लागतो. अमावास्येला बाहेर पडू नये असं सांगणारे आजही भेटतात, पण चंद्र नसणं म्हणजे फक्त चंद्र नसणं, बाकी काही नाही. भीती बाळगायची तर कड्याच्या कडेची बाळगा, ती खरी आहे.

आता आधी इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर. गणित शाळेतलंच आहे. किती वेळ शूट करायचंय ते सेकंदात घ्या, आणि व्हिडिओला जितक्या फ्रेम लागणार त्या आकड्याने भागा. साडेपाच ते साडेआठ म्हणजे ३ तास, १०,८०० सेकंद. व्हिडिओ २० सेकंदांचा हवाय आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५०० फ्रेम. १०,८०० भागिले ५०० म्हणजे २१.६ सेकंद. आपण २० धरू, मग ५४० फोटो होतील आणि क्लिप २१.६ सेकंदांची.

पण हे फक्त अर्धं उत्तर झालं. भागाकार करून आलेला आकडा समोरच्या गोष्टीला झेपतोय का ते बघायला लागतं. एखादा ढग पाच मिनिटांत फ्रेमच्या या टोकाकडून त्या टोकाला जात असेल तर २० सेकंदांच्या इंटरव्हलला त्याचे १५च फोटो मिळतात, म्हणजे व्हिडिओत तो अर्ध्या सेकंदात सुळकन निघून जाणार. ५ सेकंदांचा इंटरव्हल ठेवला तर ६० फोटो, अडीच सेकंद, तेव्हा कुठे तो ढगासारखा दिसतो. म्हणून पावसाळी ढगांना ५ सेकंद किंवा त्याहून कमी, आणि नोव्हेंबरच्या जवळजवळ मोकळ्या आकाशाला २० चालतात.

दुसरी अट रात्रीची. रात्री शटर १५ सेकंद उघडं राहणार (२४ मिलिमीटरला त्यापेक्षा फार लांबवलं की तारे ठिपक्याऐवजी रेघा व्हायला लागतात), आणि मग फोटो कार्डवर लिहायला थोडा वेळ. म्हणजे १५ अधिक दोन-तीन सेकंद, २० मध्ये बसतं. इथे एक सेटिंग न विसरता बंद करा: लॉन्ग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असलं की कॅमेरा १५ सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर शटर मिटून तितक्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो, म्हणजे एका फोटोला ३० सेकंद, आणि दर दुसरा फोटो गळतो. कसं ओळखायचं? फाइलींच्या वेळा बघा, २० ऐवजी ४० सेकंदांचं अंतर दिसेल, आणि व्हिडिओत रात्र अचानक दुप्पट वेगाने पळेल. इंटरव्हल मध्येच हाताने बदलला तरी असाच झटका बसतो, त्यामुळे सुरुवातीलाच रात्रीचा विचार करून एक आकडा ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा.

आता मुख्य गोष्ट, प्रकाश. स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं, एवढंच लक्षात ठेवा. सूर्य मावळताना निरभ्र आकाशाखाली साधारण ४०० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जातो तेव्हा तो साडेतीन लक्सच्या आसपास येतो, आणि चंद्र नसलेल्या ताऱ्यांच्या रात्री एका लक्सचा जवळपास हजारावा भाग उरतो. ४०० ला निम्मं करत करत तिथपर्यंत जायचं तर सुमारे १८ वेळा निम्मं करावं लागतं. १८ स्टॉप, सव्वा तासात! आणि ही घट एकसारखी नसते. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तास दर तीन-साडेतीन मिनिटांना प्रकाश निम्मा होत असतो, मग शेवटच्या टप्प्यात वेग मंदावतो. आपल्या डोळ्यांना हे कळतही नाही कारण डोळे जुळवून घेतात. कॅमेऱ्याला आपण जुळवून द्यावं लागतं.

हातात काय आहे? सूर्यास्ताला छिद्र एफ २.८, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाचा ५०० वा भाग. तिथून १५ सेकंदांपर्यंत शटर नेलं की १३ स्टॉप, मग आयएसओ १०० वरून ३२०० वर नेला की आणखी ५. १३ आणि ५, बरोब्बर १८. ही बेरीज जुळते हे मला दरवेळी नव्याने आवडतं, निसर्ग जेवढा उजेड काढून घेतो जवळपास तेवढीच मोकळीक साध्या कॅमेऱ्यात आहे. क्रम मात्र हाच, आधी शटर मग आयएसओ, कारण शटर लांबवलं की खरा प्रकाश जास्त जमा होतो, आयएसओ नुसता आलेला सिग्नल वाढवतो आणि त्याच्याबरोबर दाणेही उठून दिसतात.

छिद्राला, म्हणजे ॲपर्चरला, हातच लावायचा नाही. का ते सांगतो, कारण लुकलुकण्याचा पहिला गुन्हेगार इथेच आहे. हल्लीच्या बऱ्याच लेन्समध्ये प्रत्येक फोटोच्या वेळी पाती मिटून ठरलेल्या छिद्रापर्यंत येतात आणि मग परत उघडतात. दरवेळी ती अगदी त्याच जागी थांबत नाहीत. २४ मिलिमीटर लेन्सला एफ ८ म्हणजे छिद्र फक्त ३ मिलिमीटरचं. त्यात ०.०६ मिलिमीटरची चूक झाली तर व्यासात २ टक्के, आणि प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो म्हणून जवळपास ४ टक्के फरक. एका फोटोत कोणालाही दिसणार नाही. पण सेकंदाला २५ फोटो चालले की तेच फडफडणं होतं. उपाय सोपा: छिद्र पूर्ण उघडं ठेवा, मग पाती हलतच नाहीत. किंवा ज्या जुन्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग हाताने फिरवायची असते ती अडॅप्टरने लावा, तिची पाती एकदा ठेवली तिथे राहतात.

दुसरा गुन्हेगार म्हणजे ऑटो एक्स्पोजर. एका गाडीचा हेडलाइट फ्रेममध्ये आला की कॅमेरा घाबरून पूर्ण फोटो काळा करतो, पुढच्या फोटोत परत उजळ. शिवाय ऑटो मीटरला सगळं मध्यम करड्या उजेडात आणायचं असतं, त्यामुळे रात्र दिवसासारखी दिसते. रात्र रात्रीसारखी दिसायला ती संध्याकाळपेक्षा एक-दीड स्टॉप गडदच राहायला हवी. मीटरचा वापर करायचाच असेल तर काही कॅमेऱ्यांत एक्स्पोजर स्मूदिंग असतं ते चालू करा, नाहीतर मॅन्युअलवर स्वतः बदला, मी तेच करतो.

मॅन्युअलमध्ये होतं काय की प्रकाश उतारावरून सलग खाली येतो, पण आपलं सेटिंग जिन्याच्या पायऱ्यांनी बदलतं. एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, २६ टक्के फरक. सगळ्यात वेगाच्या काळात साधारण मिनिटाला एक क्लिक लागतो, म्हणजे दर तीन फोटोंना. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे म्हणजे गडद बाजूला सरकला की शटर एक क्लिक लांबवायचं, दोन फोटोंच्या मधल्या वेळात आणि शक्यतो मोबाइल ॲपवरून, कॅमेऱ्याला हात लावला की फ्रेम हलते. आता फोटो ओळीने लावून बघा. पहिला बरोबर, दुसरा एक नवमांश स्टॉप गडद, तिसरा दोन नवमांश गडद, मग क्लिक, आणि चौथा एकदम पहिल्याइतका उजळ. परत तसंच. उजेडाचा आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो, हळूहळू खाली, एकदम वर.

आणि इथे मला खरी मजा वाटते. प्रत्येक फाइलमध्ये कॅमेऱ्याने शटर आणि आयएसओ लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे उडी नक्की कुठे आणि किती होती हे माहीत असतं, अंदाज करायची गरजच नाही. सॉफ्टवेअर नेमका उलटा करवतीचा आलेख बनवतं, दुसऱ्या फोटोला एक नवमांश उजेड वाढवायचा, तिसऱ्याला दोन नवमांश, चौथ्याला शून्य. दोन्ही करवती एकमेकींना मिटवतात आणि सपाट रेघ उरते, तिला मग रात्रीसाठी सावकाश खाली वळवायचं. एलआरटाइमलॅप्स हे सॉफ्टवेअर हेच काम करतं. यासाठी फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच हवेत, जेपेगमध्ये सेकंदा-सेकंदाला बदलणारं निळं आकाश ओढताण केली की पट्टे पाडतं. व्हाइट बॅलन्सही एका आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर रंग लुकलुकतील.

इतकं करून जे बारीक फडफडणं उरतं ते शेवटच्या डीफ्लिकरने जातं. त्यात आकाशाचा एक चौकोन निवडायचा, प्रोग्रॅम प्रत्येक फोटोत त्याची सरासरी मोजतो आणि गुळगुळीत रेषेवर आणतो. चौकोनात कोकणातल्या गावांचे दिवे किंवा कोणाची टॉर्च येऊ देऊ नका, नाहीतर दिवा लागला की आकाश काळं होईल.

एक गोष्ट मात्र कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही, दव. नोव्हेंबरात सूर्यास्तानंतर तास-दीड तासात लेन्सची काच हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर ओल धरते. ताऱ्यांभोवती वलयं दिसायला लागली आणि हिस्टोग्राम बरा असूनही फोटो मऊ होत चालला की समजा दव आलं. यूएसबीवर चालणारा लेन्स हीटर सुरुवातीपासूनच लावा, ओल आल्यावर पुसायला गेलात तर फोकस हलणार.

हायपरलॅप्समध्ये हेच सगळं, फक्त कॅमेरा चालतो. मुंबईत सीएसएमटीसमोर २० मीटरच्या रेघेत २५० फोटो घ्यायचे तर प्रत्येक पाऊल ८ सेंटिमीटरचं, खडूने खुणा करा. स्क्रीनवरच्या ग्रिडच्या मधल्या छेदावर दर फोटोला इमारतीवरच्या घड्याळाचा मध्य आणायचा. ट्रायपॉड उचलून, लावून, नेम धरायला १० सेकंद धरले तरी ४० मिनिटं जातात, म्हणजे संध्याकाळी सुरू केलंत तर वरची सगळी क्लिकची कसरत इथेही करावी लागते. उरलेली थरथर सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर काढतो पण कडा कापून, त्यामुळे फ्रेम थोडी रुंद घ्या. आणि कॅमेरा रेघ सोडून बाजूला गेला असेल तर जवळचा खांब आणि लांबची इमारत वेगवेगळ्या हलतात, ते स्टॅबिलायझरलाही जुळवता येत नाही, तेवढे फोटो परतच घ्यावे लागतात.