यमक ओळीच्या शेवटी नाही, ठोक्यावर पाडा

कॉलेज रोडला कुठे ओपन माइक असला की पोरं मनापासून लिहून आणतात, पण बऱ्याच ओळी येतो-जातो, होतं-नव्हतं वर येऊन थांबतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे असली यमकं फुकटात मिळतात आणि ऐकणाऱ्याला ती आधीच कळलेली असतात. म्हणून मला वाटतं मराठी रॅपमध्ये खरी ताकद आतल्या यमकात आहे. अभंगात हे पूर्वीपासून आहेच की, मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरांचे चार चरण आणि सहसा दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं, म्हणजे ओळ संपायच्या आधीच.

आता ही ओळ घ्या:

गोदेचा काठ, घाटाची वाट, पाठीवर लाट, डोळ्यांत पहाट

बीट मिनिटाला 90 ठोक्यांचा धरा, एक ठोका साधारण 0.67 सेकंदांचा. त्याचे चार तुकडे करा, एका तुकड्यात बोलताना एक अक्षर आरामात बसतं. बोलताना हं, लिहिताना नाही, 'पाठीवर' लिहायला चार अक्षरं पण तोंडात तीनच, पा-ठी-वर. पहिल्या ठोक्याचा पहिला तुकडा रिकामा सोडून 'गोदेचा' म्हणा, 'काठ' बरोबर दुसऱ्या ठोक्यावर पडतो. मग 'घाटाची' आणि तिसऱ्यावर 'वाट', 'पाठीवर' आणि चौथ्यावर 'लाट', 'डोळ्यांत प' आणि 'हाट' थेट पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर. स्नेअर सहसा दुसऱ्या आणि चौथ्याला वाजतो, म्हणजे काठ आणि लाट त्याच्यावरच बसले.

काठमधला ठ बाकीच्यांच्या टसारखा नाही, तरी कान तो खपवून घेतो, कारण आधीचा 'आ' तोच आहे आणि शब्दाच्या शेवटी ठची हवा तशीही कमी पडते. ट-ठ म्हणताना जिभेचं टोक वर टाळूला लागून हवा अडवतं, क्षणभर शांतता, मग फट्‌कन सुटते, अगदी ड्रमच्या काठीसारखं. स-श मध्ये हवा अडत नाही, नुसती घासत राहते, त्यामुळे त्यांची पुनरावृत्ती ओळ मऊ करते, ठोका देत नाही.

एक फसवणूक मात्र आहे, 'गोदेचा' आणि 'घाटाची' मध्ये दोन्हीकडे च दिसतो, पण चा म्हणताना जीभ दातांजवळ असते आणि ची म्हणताना मागे टाळूकडे, म्हणजे कानाला ही दोन वेगळी व्यंजनं. वहीत जुळलेला असा अनुप्रास माइकवर जुळत नाही, म्हणून मोठ्याने म्हणूनच मोजायचं.

आणि सगळ्यात जास्त गडबड शेवटच्या टवर होते. जोर द्यायच्या नादात 'वाट'चं 'वाट्अ' असं होतं, त्या जादा 'अ' ने एक तुकडा खाल्ला की पुढचं सगळं मागे सरकतं. फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या आणि चौथ्याला टाळी द्या, 'लाट' टाळीनंतर ऐकू आली तर हेच झालंय. शब्द बदलू नका, आधी 75 वर म्हणा, ट तोडून थांबवा, तिथे बसलं की पाच-पाचने वाढवत 90 पर्यंत या.