नाव झाकलं तरी अक्षर दिसतंच

सहामाहीचे पेपर तपासताना खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांत हमखास ऐकू येतं, "नावं झाकून तपासले, आता पक्षपात कसला?" हे ऐकलं की मला राहवत नाही. कारण त्यात दोन वेगळे दोष एकत्र कालवलेले असतात, एक सुंदर अक्षराची भुरळ आणि दुसरा हॅलो इफेक्ट, म्हणजे एका गुणावरून माणसाबद्दल बनलेलं मत बाकी सगळ्यावर पसरणं.

सुंदर अक्षराला दोन गुण जास्त पडतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. हॅलो इफेक्ट मात्र अक्षराचा नाही, माणसाबद्दलच्या मताचा आहे. 1920 साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाला दिसलं की लष्करी अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण जोखतात, पण एका गोष्टीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्यांतच चांगला वाटतो. आपल्याकडे वक्तृत्वात पहिला येणारा मुलगा असतो ना, त्याच्या निबंधातला भरकटलेला परिच्छेद बाईंना 'खोल विचार' वाटतो, तो हाच.

खरी गल्लत इथून पुढे होते. हॅलो इफेक्ट बाईंच्या डोक्यातल्या ओळखीवर चालतो, म्हणून नाव झाकून त्यावर घाव घालता येतो. अक्षर कागदावरच असतं, नाव झाकलं तरी समोरच राहतं. शिवाय वर्गशिक्षिकेला वर्षभर वह्या तपासून प्रत्येकाचं वळण पाठ झालेलं असतं. नववीच्या दहा गुणांच्या निबंधाचा पहिला शब्द वाचताच 'हा तो वक्तृत्ववाला' हे कळतं, आणि झाकलेलं नाव परत उघडं पडतं. स्वतःच्या वर्गाचे पेपर नाव झाकून तपासणं म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

मी सुचवते ते असं. शेजारच्या शाळेशी गठ्ठे बदला. नावाचा भाग दुमडून स्टेपल करा आणि तिसऱ्या माणसाकडून सांकेतिक क्रमांक घाला. एका मुलाचा पूर्ण पेपर सलग तपासू नका. आधी सगळ्यांचे निबंध तपासा, मग गठ्ठा पिसून सगळ्यांची पत्रं. नाहीतर निबंधाची छाप पत्रावर पडते, आणि नाव माहीत नसलं तरी हॅलो इफेक्ट पेपरच्या आतच तयार होतो. गुण वेगळ्या कागदावर लिहा, म्हणजे आधीचा आकडा डोळ्यासमोर राहत नाही.

अक्षरासाठी निबंध दुसऱ्याने मोठ्याने वाचावा आणि तपासणाऱ्याने ऐकून मुद्दे, मांडणी यांचे गुण द्यावेत. शुद्धलेखनाचे गुण मात्र डोळ्यांनीच द्यायला हवेत, कारण ऱ्हस्व-दीर्घ कानाला पुरेसं कळत नाही. वेळ जातो, म्हणून सगळे पेपर असे तपासता येणार नाहीत. ज्यांच्या गुणांवरून शंका आहे तेवढेच घ्या.

एक अपवाद मला मान्य आहे. शिरोरेघ नीट नसल्यामुळे घ आणि ध, भ आणि म ओळखू येत नसतील, तर तो वाचता न येण्याचा प्रश्न आहे आणि त्याचा गुण कापायला हरकत नाही. वाकडं पण वाचता येणारं अक्षर असेल, तर एकही कापू नये.